ग्लेनवर थांबायचं की फॉन्टनपर्यंत जायचं?

ट्रायकस्पिड अॅट्रेशिया या जन्मजात हृदयदोषात उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत जाणारी झडपच तयार झालेली नसते. उजवी जवनिका खुरटी राहते आणि डावी एकटीच सगळं रक्त पंप करते. लहानपणी ग्लेन नावाचं ऑपरेशन झालेलं असं मूल चार-पाच वर्षांचं झालं, की आईवडिलांसमोर प्रश्न येतो: मूल खेळतंय, शाळेत जातंय, मग फॉन्टनसारखं आणखी एक मोठं ऑपरेशन कशाला?

ग्लेनमध्ये डोकं आणि हातांकडून येणारी वरची महाशीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडतात. त्यामुळे तेवढं निळं रक्त पंपाशिवाय, नुसत्या शिरेच्या दाबावर फुप्फुसात जातं. पोट आणि पायांकडचं रक्त मात्र शुद्ध रक्तात मिसळत राहतं. म्हणून रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे सॅच्युरेशन, साधारण 75 ते 85 टक्क्यांवर थांबतो. फॉन्टनमध्ये खालची महाशीरही फुप्फुसाकडे वळवतात, आज बहुधा हृदयाबाहेरून जाणाऱ्या 18 ते 20 मिलिमीटरच्या गोरटेक्स नळीतून. मग ऑक्सिजन नव्वदीच्या पुढे जातो.

ग्लेनची अडचण अशी की मूल वाढतं तसं ते ऑपरेशन अपुरं पडत जातं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे परतणाऱ्या रक्तातला जवळजवळ निम्मा वाटा वरून येतो. पाय लांब होतात तसा हा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि सॅच्युरेशनही उतरतं. शरीर भरपाई म्हणून लाल पेशी वाढवतं, हिमोग्लोबिन 18-19 वर जातं. (इथे एक फसगत होते. सॅच्युरेशन 76 असताना हिमोग्लोबिन 13 आलं तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणतो, पण या मुलासाठी ती रक्ताची कमतरता आहे. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासायला हवं.) निळं रक्त फुप्फुसाच्या गाळणीतून न जाता थेट शरीराकडे जातं, म्हणून मेंदूत रक्ताची गुठळी अडकण्याचा आणि पू होण्याचा धोका कायम राहतो. ताप आणि डोकेदुखी एकत्र आली, तर वाट पाहू नये.

यकृताकडून येणाऱ्या रक्तात फुप्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्या नीट ठेवणारं काहीतरी असतं. ग्लेननंतर ते रक्त थेट फुप्फुसात जात नाही, म्हणून तिथे धमनी-शिरांचे आडमार्ग तयार होऊ शकतात. बुडबुड्यांच्या इकोत ते दिसतात. फॉन्टननंतर यकृताचं रक्त फुप्फुसात पोचलं की ते बहुधा मिटतात.

फॉन्टनची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. सगळ्या शिरांमधला दाब कायम 10 ते 15 मिलिमीटर पाऱ्याचा राहतो, एरवीच्या दुपटीहून जास्त. तो सगळ्यात आधी यकृत सोसतं. तिथे हळूहळू तंतू साचतात, म्हणून मुलाची तब्येत उत्तम असली तरी यकृताची सोनोग्राफी आणि रक्त तपासण्या नियमित लागतात. काही जणांमध्ये आतड्यातून प्रथिनं गळतात: पाय-पोट सुजतं, जुलाब होतात, अल्ब्युमिन उतरतं. काहींना श्वासनलिकांच्या साच्यासारखा घट्ट कफ पडतो. पुढे हृदयाचे ठोके बिघडण्याचीही शक्यता असते. दाब लगेच झेपेल की नाही अशी शंका असेल, तर सर्जन नळी आणि कर्णिका यांच्यात साधारण 4 मिलिमीटरचं छिद्र ठेवतात. त्यातून थोडं निळं रक्त निसटतं, सॅच्युरेशन काही टक्क्यांनी कमी राहतं, पण ऑपरेशननंतरचे दिवस सोपे जातात.

म्हणून सॅच्युरेशन घसरलं एवढ्यावर निर्णय घेऊ नये. आधी कॅथेटर तपासणी करून आडवाटेच्या शिरा शोधाव्यात. वरच्या महाशिरेतून खाली रक्त चोरणारी एखादी शीर कॉइलने बंद केली, की कधी कधी आकडा पुन्हा वर येतो.

तीन मुलं समजा, तिघांचंही वजन 15 किलो, सॅच्युरेशन 76. पहिल्याच्या फुप्फुस धमनीत सरासरी दाब 11, डाव्या कर्णिकेत 7. फरक फक्त 4, म्हणजे रक्त फुप्फुसातून सहज पार होतंय. इथे ग्लेनवर थांबण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. 15 किलोला पुरेशी मोठी नळीही बसते, म्हणजे वाढीबरोबर ती बदलावी लागत नाही.

दुसऱ्याचे आकडे 18 आणि 8. फरक 10, म्हणजे फुप्फुसाच्या वाहिन्याच आखडलेल्या किंवा धमनी कुठेतरी अरुंद. आज फॉन्टन केलं तर शिरांमध्ये दाब साठेल आणि छातीत पाणी भरत राहील. अरुंद जागा सापडली तर ती रुंद करून, नाहीतर फुप्फुसाचा दाब उतरवणारी औषधं देऊन पुन्हा मोजायचं. तोवर ग्लेनच बरं.

तिसऱ्याचे 18 आणि 15. दाब दुसऱ्याइतकाच, पण फरक 3. फुप्फुसं निर्दोष आहेत, गुन्हा पंपाचा, म्हणजे डाव्या जवनिकेचा, किंवा डाव्या बाजूच्या गळक्या झडपेचा आहे. फॉन्टनची चर्चा तिची दुरुस्ती होईपर्यंत पुढे ढकलायची. झडप सुधारून कर्णिकेचा दाब 8-9 वर आला, तर हेच मूल पहिल्याच्या रांगेत येतं. पंपच थकला असेल, तर मात्र प्रत्यारोपणाच्या टीमशी बोलणं आतापासूनच सुरू करावं लागतं.