ग्रुपचा ट्रेंड बसवायचाय: डान्स घ्यायचा की लिपसिंक?

आठ जणांचा कॉलेज ग्रुप आहे, त्यातल्या दोघांना बऱ्यापैकी नाचता येतं, तिघं म्हणतात मला मागे उभं करा, एकाला फक्त एडिटिंग करायचंय आणि उरलेले दोघं प्रॅक्टिसला येतीलच याची गॅरंटी नाही. बहुतेक ग्रुप असेच असतात, त्यामुळे हाच ग्रुप समोर ठेवून दोन कन्सेप्ट शेजारी शेजारी मांडतो. एक डान्सचा, एक लिपसिंकचा. दोन्ही कॉलेजमधलेच आहेत, आणि दोन्हीत बघणाऱ्याने लगेच कॉपी करावं असा हेतू आहे, कारण लोकांनी कॉपी केलं नाही तर तो नुसता एक व्हिडिओ झाला, ट्रेंड नाही.

पहिला कन्सेप्ट 'बॅग स्टेप'. लेक्चरला उशीर झालेल्या माणसाची धावपळ, बस्स. १२० बीपीएमचं म्युझिक घ्या, म्हणजे सेकंदाला दोन बीट, आठ काउंट चार सेकंदात संपतात आणि चार आठ मिळून १६ सेकंद. याच्यापेक्षा लांब करू नका. पहिल्या आठमध्ये दोन्ही मुठी छातीपाशी, बॅगचे पट्टे धरल्यासारख्या, आणि दर दोन काउंटला एक खांदा वर, मग दुसरा. दुसऱ्या आठमध्ये चार काउंट मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि उरलेले चार दोन्ही हात डोक्यावर, तोंडाचा आ. तिसऱ्यात जागच्या जागी पळणं, पण फक्त कोपरांनी, पाय हलले नाहीत तरी चालतील. चौथ्यात चार काउंट हात वर, हजेरी देतात तसा, आणि शेवटच्या चारमध्ये तो हात हळू खाली आणून परत पट्ट्यावर. हा शेवट मुद्दाम असा ठेवलाय, कारण रील परत सुरू होते तेव्हा शेवटची पोझ आणि पहिली पोझ एकच असेल तर जोड कळत नाही आणि माणूस नकळत दुसऱ्यांदा बघतो.

दुसरा कन्सेप्ट 'प्रॉक्सी'. यात आधी स्वतःचाच ऑडिओ रेकॉर्ड करायचा, साधारण १२ सेकंदांचा. सर नंबर घेतायत. "चौदा?" "प्रेझेंट सर." "पंधरा?" मग बारीक आवाजात "प्रेझेंट सर." "सोळा?" एकदम जाड आवाजात "प्रेझेंट सर." "सतरा?" शांतता. "सतरा??" आणि मग दमलेल्या आवाजात, "सर, सतरा मीच आहे." म्हणजे सगळ्यांची प्रॉक्सी मारणारा स्वतःच्या नंबरला झोपला. पुढच्या बाकावरचा एकच जण सगळे आवाज लिपसिंक करतो, बाकीचे आजूबाजूला खाली मान घालून बसलेत, आणि "सतरा??" ला सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याकडे वळतात.

आता खरा फरक कुठे पडतो ते बघू.

डान्समध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो डाव्या उजव्यात. स्टेप सोपी असते हो, पण शिकवणारा तोंड करून उभा राहिला की अर्धे त्याच्या उजव्याला स्वतःचा उजवा उचलतात आणि अर्धे आरशासारखं करतात. त्यात फ्रंट कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू उलटा दिसतो आणि सेव्ह झालेला व्हिडिओ काही फोनमध्ये तसाच राहतो, काहीत सुलट होतो, मग प्रत्येक टेकनंतर "अरे मी बरोबर होतो" वरून भांडणं. यावर उपाय साधा आहे, डावा उजवा हे शब्दच वापरायचे नाहीत. ज्या रूममध्ये शूट आहे तिथे एका बाजूला दार असेल, दुसऱ्या बाजूला खिडकी. मग "दार, खिडकी, दार, खिडकी" असं ओरडून काउंट द्यायचा. खांद्याची स्टेप याने लगेच जमते. आणि बॅग स्टेपमध्ये मी घड्याळ आणि हात वर सोडून बाकी सगळं दोन्ही हातांनी ठेवलंय ते यासाठीच, जिथे बाजूच नाही तिथे चुकायला जागा नाही. बघणाऱ्यालाही तेच सोपं जातं, कारण तो स्क्रीनकडे बघून आरशासारखंच शिकणार आहे.

पायांच्या स्टेप का नाहीत असं नाचणारे दोघं विचारतीलच. उभ्या ९:१६ फ्रेममध्ये खालच्या पट्ट्यात कॅप्शन आणि अकाउंटचं नाव येतं, उजव्या कडेला लाइक शेअरची बटणं येतात, म्हणजे पाय तसेही झाकले जातात, आणि पाय दाखवायला कॅमेरा मागे नेला की आठ चेहरे इतके बारीक होतात की कोण कोण आहे कळत नाही. कमरेच्या वरचं ठेवा. उभ्या फ्रेममध्ये आठ जण एका रांगेत मावतच नाहीत, त्यामुळे पुढे दोन, मधे तीन, मागे तीन, मागचे पुढच्यांच्या मधल्या फटीत, आणि फोन डोळ्यांच्या थोडा वर. ज्यांना मागे उभं राहायचंय त्यांचं मागे राहणंही होतं आणि दिसणंही होतं.

लिपसिंकमध्ये डाव्या उजव्याची भानगड नाही पण तिथे ओठ पकडले जातात. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात, बाकीच्या अक्षरांना थोडं इकडे तिकडे झालं तरी कोणाला कळत नाही पण आवाज "प" चा आणि ओठ उघडे, हे बघणाऱ्याला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी. आपल्या ऑडिओत "प्रेझेंट" परत परत येतं आणि त्याची सुरुवातच प ने आहे, म्हणजे लिपसिंक करणाऱ्याने बाकी काही नाही केलं आणि प्रत्येक वेळी प ला ओठ नीट मिटले तरी ऐंशी टक्के काम झालं (टक्केवारी माझ्या मनाची आहे). उलट स्वतःचा डायलॉग लिहिणार असाल तर लांबलचक वाक्य देऊ नका, श्वास कुठे घ्यायचा ते ओरिजिनल आवाजवाल्यालाच माहीत असतं आणि कॉपी करणारा तिथेच फसतो.

दुसरी गोष्ट, शूटला ब्लूटूथ स्पीकर नको. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोचतो, बऱ्याच स्पीकरमध्ये १०० ते २०० मिलिसेकंद. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तीन ते सहा फ्रेमचा फरक. तुम्ही स्पीकरवर ऐकून अगदी बरोबर ओठ हलवता आणि ॲपमध्ये ऑडिओ मात्र आधीच पुढे गेलेला असतो. मग व्हिडिओ बघून वाटतं ह्याला जमतच नाहीये, आणि बिचारा दहा वेळा परत करतो. ओळखायचं कसं? चूक सगळीकडे सारखी असेल, म्हणजे प्रत्येक "प्रेझेंट" ला ओठ तेवढेच मागे, तर स्पीकरचा घोळ. कधी पुढे कधी मागे असेल तर माणसाचा. फोनच्याच स्पीकरवर वाजवा नाहीतर वायरचा स्पीकर लावा. डान्सलाही हे लागू आहे, पण तिथे आठही जण सारखेच उशिरा असतात म्हणून एडिटवाला सगळी क्लिप थोडी सरकवून वेळ मारून नेतो, आणि हातांची हालचाल ओठांइतकी बारीक बघितली जात नाही.

माणसं जमवायचा विषय आला की लिपसिंक सरळ जिंकतो. प्रॉक्सीत खरं काम एकाचं, बाकी सात जणांना फक्त एकदा मान वळवायची आहे, दोघं नाही आले तर पाच माना. बॅग स्टेपला मात्र आठही जण एकाच वेळी एकाच खोलीत हवेत, आणि एक जण तरी असा हवा जो न लाजता मोठ्याने काउंट देईल. तो नसेल तर डान्सच्या नादाला लागू नका, खरंच.

कॉपी होण्याची पद्धतही वेगळी आहे. स्टेप लोक जशीच्या तशी उचलतात, भाषा कळो न कळो, त्यामुळे ती लांब जाते. डायलॉग लोक बदलून वापरतात, कोणी ऑफिसच्या मीटिंगवर करेल, कोणी घरातल्या कामांच्या यादीवर, पण तो भाषा कळणाऱ्यांपुरताच फिरतो. आणि नावाचा प्रश्न उरतोच. स्टेपवर तुमचं नाव चिकटत नाही. २०१९ मध्ये जलाया हार्मन नावाच्या शाळकरी मुलीने रेनेगेड डान्स बसवला, तो जगभर लाखोंनी केला आणि ती कोण हे २०२० मध्ये बातमी येईपर्यंत बहुतेकांना माहीतच नव्हतं. स्वतःचा ऑडिओ असेल तर इंस्टावर जो कोणी तो वापरेल त्याच्या रीलवर तुमच्या अकाउंटची लिंक आपोआप राहते. अजून एक, कॉलेजचं किंवा फेस्टचं अकाउंट बिझनेस म्हणून सेट केलेलं असेल तर पॉप्युलर गाणी त्यावर बऱ्याचदा मिळत नाहीत, ते डान्स बसवायच्या आधी चेक करा, नंतर म्युट झालेला डान्स बघवत नाही. प्रॉक्सीला हा त्रास नाही, आवाज तुमचाच.

माझं मत विचाराल तर या ग्रुपने पहिला प्रॉक्सी करावा. ज्या दोघांचा भरवसा नाही त्यांच्यावर काही अडत नाही, लाजणारे तिघं बाकावर बसून कामाला येतात, आणि एडिटवाल्याला आवाज रेकॉर्ड करायचं काम मिळतं (पंखा बंद, दारं बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब). नाचणारे दोघं कुरकुर करतील, करू द्या. पण तुमच्या ग्रुपमध्ये आठही जण हॉस्टेललाच राहत असतील आणि दुसऱ्या कॉलेजांनी, दुसऱ्या भाषेतल्या पोरांनी उचलावं असं वाटत असेल तर बॅग स्टेप, त्यात प्रश्नच नाही. दोन्ही एका रीलमध्ये घुसवायचा मोह होईल, डायलॉग आणि मग स्टेप, तो आवरा. कॉपी करणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागल्या की तो एकही करत नाही.

काहीही निवडा, पोस्ट करायच्या आधी तो व्हिडिओ प्रॅक्टिसला नसलेल्या एका माणसाला पाठवा. तीन वेळा बघ आणि करून पाठव एवढंच सांगा, समजावून सांगू नका. त्याने पाठवलेल्यात जो काउंट गाळला असेल, बहुतेक तो घड्याळाचाच असेल, तिथे स्टेप कमी करा आणि आधीची स्टेपच अजून चार काउंट चालू ठेवा. लिपसिंक असेल तर तो कुठे हसला ते बघा. "सतरा??" च्या आधीच हसला तर ती शांतता जास्त लांबलीये, अर्धा सेकंद कापून टाका.