शिल्लक पावणेदोन लाख, निघणार बासष्ट हजार: क्रिप्टो एक्स्चेंज काही महिने वापरल्यावर

एक्स्चेंजचं नाव लिहीत नाही, कारण हा घोळ एकाच अ‍ॅपचा नाही. खरेदी-विक्रीबद्दल माझी तक्रार नाही. भाव बरा मिळतो, ऑर्डर पटकन लागते, पैसे जमा करायला मिनिटही लागत नाही. गंमत पैसे काढताना सुरू होते.

पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं, म्हणून १,८०,००० रुपयांचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो नाणी, विकले. १ टक्का टीडीएस म्हणजे १,८०० रुपये तिथेच कापले गेले, वर थोडी फी. खात्यात पावणेदोन लाखांच्या वर रक्कम दिसत होती. सकाळी अकराला एक लाख काढायला टाकले, तर लाल अक्षरांत `Withdrawal limit exceeded`. माझ्या केवायसी लेव्हलची मर्यादा २४ तासांत एक लाख, मग लाखाला नकार का?

कारण आदल्या रात्री पावणेदहाला मी स्वतःच्या वॉलेटमध्ये ३८,००० रुपयांचे यूएसडीटी पाठवले होते. नाणी बाहेर गेली काय किंवा रुपये बँकेत गेले काय, या अ‍ॅपमध्ये दोन्ही एकाच मर्यादेतून वजा होतात. नाण्यांची किंमत त्या वेळच्या भावाने रुपयांत धरतात. म्हणजे उरले ६२,०००. आणि हे २४ तास घड्याळाच्या बाराला संपत नाहीत, प्रत्येक व्यवहाराच्या वेळेपासून मोजले जातात. ते ३८,००० रात्री पावणेदहानंतरच मोकळे होणार होते. काही ठिकाणी मर्यादा यूटीसी मध्यरात्रीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला नव्याने सुरू होते. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते आधी बघून घ्या.

आता लेव्हलचं. खात्यात किती पैसे आहेत याचा मर्यादेशी संबंध नाही, कंपनी तुम्हाला किती ओळखते याच्याशी आहे. नुसता मोबाइल आणि ईमेल दिला तर इथे काहीच काढता येत नाही. पॅन, आधार, सेल्फी आणि बँक खात्याची पडताळणी झाली की रोज एक लाख. त्यापुढे पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा स्रोत दिला की दहा लाख. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले, त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवणं आणि संशयास्पद व्यवहार एफआययू या सरकारी आर्थिक गुप्तवार्ता विभागाला कळवणं त्यांना बंधनकारक आहे. ते मला मान्य आहे. पण कुठल्या लेव्हलला किती रक्कम हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन अ‍ॅपमधल्या मर्यादा जुळत नाहीत.

वरच्या लेव्हलसाठी अर्ज केला आणि खरी बडोद्याची भानगड पुढे आली. पत्त्यासाठी लाइट बिल दिलं. ते वडिलांच्या नावावर, त्यामुळे परत. मग बँकेचं स्टेटमेंट दिलं, तर नाव जुळेना. इथल्या बऱ्याच कागदांवर गुजराती रिवाजाने आडनाव पुढे येतं आणि पॅनवर शेवटी. शिवाय आम्हा दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत नावामागे ‘राव’ लागतं. माझ्या पॅनवर ते जोडून आहे, आधारवर नाहीच. माणसाला एका नजरेत कळतं, अक्षरं ताडून बघणाऱ्या यंत्रणेला नाही. नुसतं ‘कागद अमान्य’ एवढाच शेरा येत राहिला. शेवटी सपोर्टला लिहून अर्ज माणसाकडून तपासायला सांगितला, तेव्हा कळलं की अडचण पत्त्याची नसून नावाची आहे. आधारवरचं नाव दुरुस्त करून केवायसी पुन्हा केली, ताज्या महिन्याचं स्टेटमेंट जोडलं आणि लेव्हल वाढली. तोवर रोजच्या मर्यादेत बसेल तेवढे काढून कंत्राटदाराला हप्त्याने दिले. कुरकुरला, पण काम थांबवलं नाही.

मध्यंतरी ओळखीच्यांनी सुचवलं, ‘पीटूपीवर विकून टाक’, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकून त्याच्याकडून बँकेत पैसे घे, किंवा ‘बायकोच्या खात्यातून काढ’. दोन्ही केलं नाही. पीटूपीत समोरच्याचा पैसा फसवणुकीचा निघाला तर सायबर तक्रारीवरून तुमचंच बँक खातं गोठू शकतं, आणि मग एक्स्चेंजची मर्यादा परवडली म्हणायची वेळ येते. दुसऱ्याच्या नावाचं खाते वापरणं तर अटींतच बसत नाही.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. पैसे भरायला या अ‍ॅपमध्ये मर्यादा जवळपास नाहीच, काढायची उरलेली मर्यादा मात्र प्रोफाइलमध्ये, केवायसीच्या पानाच्या तळाशी. पैसे भरायच्या बटणाखाली एक ओळ टाकली असती, ‘तुमच्या लेव्हलला दिवसाला एवढेच निघतील’, तर मी लेव्हल आधीच वाढवून घेतली असती. बँक खातं बदललं की रुपये काढणं २४ तास बंद राहतं, हेही असंच आतल्या पानावर लिहिलेलं आहे.

पाचपैकी तीन तारे. एक तारा त्या लपवलेल्या ओळीचा कापला, दुसरा ‘कागद अमान्य’चा.