जिनिंगवाल्याला उधारीवर कापूस द्यायचा, तर करंट रेशो बघायचा की क्विक रेशो?

वणी-हिंगणघाट पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीपुढचा प्रश्न घ्या. एक जिनिंग कंपनी बाजारापेक्षा थोडा जास्त भाव देते, पण चुकारा ४५ दिवसांनी. सभासद रोज विचारणार, "भाऊ, चुकारा कवा भेटन?" म्हणून गाडी भरण्याआधी जिनिंगचा ताळेबंद मागवला. समजण्यापुरते ३१ मार्चचे आकडे असे धरू.

कापूस, गाठी आणि सरकी मिळून माल ४.२० कोटी. येणी १.१० कोटी, बँकेत आणि हातात २० लाख, आगाऊ भरलेला विमा वगैरे १० लाख. चालू मालमत्ता एकूण ५.६० कोटी. देण्यांत बँकेची कॅश क्रेडिट २.६० कोटी, चुकारे आणि व्यापाऱ्यांची देणी १.२० कोटी, किरकोळ २० लाख, म्हणजे ४ कोटी.

करंट रेशो म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. इथे तो १.४० येतो. बँककर्जाचे निकष सुचवणाऱ्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेली १.३३ ची पातळी बँकवाले आजही तोंडपाठ म्हणतात, त्या हिशेबाने कंपनी पास. क्विक रेशोत माल आणि आगाऊ खर्च वजा होतात. उरतात १.३० कोटी, म्हणजे ०.३३. रुढ कसोटी १ ची, त्यामुळे इथे सपशेल नापास.

एकाच कंपनीचे हे दोन निकाल. फरक सगळा मालाचा, आणि जिनिंगमध्ये मार्चअखेर माल भरपूर असणारच, कारण हंगाम नुकताच उतरलेला असतो. म्हणून नुसत्या ०.३३ ने घाबरायचं कारण नाही. रुईच्या गाठीला गिऱ्हाईक असतं. गाठी यंत्राच्या सुट्या भागांसारख्या वर्षानुवर्षं पडून राहत नाहीत. क्विक रेशो अशा धंद्यावर थोडा अन्यायच करतो.

पण करंट रेशोवर विसंबण्यात दोन खड्डे आहेत. पहिला भावाचा. रुई १५ टक्क्यांनी उतरली तर माल ४.२० वरून ३.५७ कोटींवर येतो आणि रेशो १.२४ होतो. देणी मात्र एका रुपयानेही कमी होत नाहीत. दुसरा खड्डा बँकेचा, आणि तो मला जास्त मोठा वाटतो. माल बँकेकडे तारण आहे. गाठी विकल्या की पैसे आधी कॅश क्रेडिट खात्यात जमा होतात. भाव पडला की बँक उचल करण्याची मर्यादाही खाली आणते. तुमचा चुकारा त्याच खात्यातून निघायचा असतो, म्हणजे ज्या मालाच्या बळावर १.४० दिसतो, त्याच्यावर पहिला हक्क तुमचा नाही.

आणखी एक गंमत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी २० लाखांची देणी रोखीने चुकती केली असती तर? करंट रेशो ५.४० भागिले ३.८०, म्हणजे १.४२ झाला असता. क्विक मात्र १.१० भागिले ३.८०, म्हणजे ०.२९. एकाच व्यवहाराने एक रेशो वर, दुसरा खाली. १ पेक्षा जास्त असलेला रेशो देणी चुकती केल्यावर वाढतो आणि १ पेक्षा कमी असलेला घटतो, म्हणून ताळेबंद सजवायचा असेल तर करंट रेशो सजवणं सोपं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांत करंट रेशो छापावा लागतो. क्विक रेशो त्या यादीत नाही, तो आपणच काढायचा. जिनिंग भागीदारीत चालत असेल, तर या टिपांचीही हमी नाही.

क्विक रेशोही आंधळेपणाने घेऊ नये. कृषी केंद्र चालवणारी एखादी कंपनी बघा: माल ५० लाख, शेतकऱ्यांकडची उधारी १.७० कोटी, रोख १० लाख, देणी २ कोटी. क्विक ०.९०, छान दिसतो. पण येण्यांच्या वयाच्या तक्त्यात ८० लाख एका वर्षापेक्षा जुने निघाले, तर ते वगळून क्विक ०.५० उरतो. बोंडअळीच्या साली बुडालेली उधारीसुद्धा रेशोत पूर्ण रुपयानेच मोजली जाते.

म्हणून माझं मत: जिथे पैसा मालात अडकतो तिथे क्विक आधी बघा, पण त्यात माल शून्य न धरता आजच्या भावाने, बँकेचं देणं वजा करून धरा. वरच्या जिनिंगचा हिशेब तसा केला तर पडलेल्या भावाचे ३.५७ आणि येणी-रोखीचे १.३० मिळून ४.८७ कोटी, त्यातून बँकेचे २.६० गेले की २.२७ उरतात. बाकीची देणी १.४० कोटींची. कागदावर चुकारा निघतो, म्हणून मी माल दिला असता. पण ४५ नव्हे, १५ दिवसांवर, आणि त्या महिन्यात बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट पाहूनच.