गाण्याच्या ॲपने हात वर केल्यावर: २०१६ चा फोन, आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत एक जुना अँड्रॉइड फोन असतो. २०१६ साली मी घेतला होता, अँड्रॉइड ६ वर आला आणि तिथेच थांबला. मी नवा फोन घेतल्यावर तो आईकडे गेला. सिम काढलं, स्पीकरला वायर लावली आणि सकाळचे अभंग, दुपारची नाट्यगीतं त्यावर सुरू झाली. स्क्रीनला एक तडा आहे, पण आवाज खणखणीत. शिवाय त्याला हेडफोनचं भोक आहे आणि मेमरी कार्डाची खाच आहे. माझ्या नव्या फोनला दोन्ही नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी त्यावरचं गाण्याचं ॲप बंद पडलं. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जुन्या फोनवर आज ना उद्या बहुतेक सगळ्यांची हीच तऱ्हा होते.

हे एका दिवसात झालं नाही. आधी ॲपचे अपडेट यायचे थांबले. आम्हाला कळलंही नाही, कारण गाणी वाजत होती. मग वर एक पट्टी दिसायला लागली, ‘अपडेट करा’. बटण दाबलं की प्ले स्टोअर उघडायचं आणि अपडेटचं बटणच नसायचं. प्रत्येक ॲप आपल्याला कमीत कमी कुठलं अँड्रॉइड हवं ते सांगतं. ती अट वाढली की जुन्या फोनला नवी आवृत्ती मिळत नाही, पण आत असलेली चालू राहते. हा मधला काळ महिनोन्महिने चालू शकतो. शेवटी कंपनीचा सर्व्हरच जुन्या आवृत्तीला ओळख देणं बंद करतो, आणि एका सकाळी ॲप उघडल्यावर फक्त अपडेटचा पडदा उरतो.

या मधल्या काळातच मी घोळ घातला. जागा भरली म्हणून फोन रडत होता, ती मोकळी करायला ॲप काढलं, म्हटलं परत टाकू. प्ले स्टोअरने ओळ दाखवली, "Your device isn't compatible with this version." बस. ॲप बनवणाऱ्यांनी जुन्या फोनसाठी शेवटची चालणारी आवृत्ती प्ले स्टोअरवर ठेवली असेल तर स्टोअर आपणहून ती देतं. इथे ठेवली नव्हती. तुमचं ॲप अजून चालत असेल तर ते काढू नका, त्याचा डेटाही पुसू नका.

मग जुन्या आवृत्तीची फाइल बाहेरून आणून टाकली. ती बसली, पण लॉगिनच्या पुढे गेली नाही, कारण दार आता सर्व्हरच्या बाजूने बंद होतं. शिवाय अशा फाइली कुठल्याही साइटवरून घेऊन त्यात आपला पासवर्ड टाकणं मला नंतर बरोबर वाटलं नाही. ब्राउझरमध्ये त्याच सेवेचं पान उघडून पाहिलं, तर तिथेही तीच गोष्ट. अँड्रॉइड ६ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०६. पानाला ती जुनी वाटते. एकदा कसंबसं चाललं, पण स्क्रीन बंद झाली की गाणंही बंद. फोडणी देताना दर दोन मिनिटांनी स्क्रीनला हात कोण लावणार? अँड्रॉइडच बदलून नवं टाकायचा मार्गही असतो, पण माझ्या मॉडेलसाठी धड काही मिळालं नाही, तो नाद सोडला.

खरा धक्का वेगळाच होता. आईसाठी मी त्या ॲपमध्ये शेकडो गाणी डाउनलोड करून ठेवली होती. ॲप काढण्याआधी कार्डावर त्यांची जवळजवळ ६ जीबी जागा दिसत होती आणि त्यांची प्रत मी लॅपटॉपवर घेतली होती. उघडून पाहिलं तर अक्षरं-आकड्यांची निरर्थक नावं, आणि एकही फाइल कुठल्याच प्लेअरमध्ये वाजेना. त्या कुलूपबंद असतात आणि किल्ली ॲपकडे असते. पैसे भरले होते ते ऐकण्याचे. गाणं आपलं झालंच नव्हतं.

‘अगं, कपाटात सीडी आहेत ना माझ्या?’ आई म्हणाली. खरंच होत्या, चाळीसच्या आसपास. मामाने वर्षानुवर्षं दिवाळीला दिलेल्या, शिवाय दादरला फेरी झाली की तिने स्वतः उचललेल्या. लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नव्हता, लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा आणला. सीडीवरचं संगीत मिनिटाला साधारण १० एमबी असतं. ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तेच २.४ एमबी होतं. म्हणजे ७४ मिनिटांची सीडी पावणेदोनशे एमबीच्या घरात आणि सगळ्या चाळीस ७ जीबीत. ३२ जीबीच्या कार्डात आरामात. १९२ वरही करून पाहिलं, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर आणि कुकरच्या शिट्टीखाली मला फरक कळला नाही. तरी ३२० ठेवलं, कारण हे काम दुसऱ्यांदा करायची ताकद नाही. रोज रात्री दोन सीडी, असं करत तीन आठवडे गेले.

वाजवायला व्हीएलसी. प्ले स्टोअरवरून या फोनला चालणारी आवृत्ती विनातक्रार उतरली. लॉगिन नाही, जाहिरात नाही, नेट नाही.

पण पहिल्या रात्री यादी उघडली तर सगळीकडे ????? ???? आणि Track 01. मराठी गाण्यांच्या बाबतीत ही गोष्ट जरा नीट सांगते, कारण माझे चार दिवस यातच गेले. एमपी३ फाइलच्या आत गाण्याचं, गायकाचं नाव लिहिलेलं असतं, त्याला टॅग म्हणतात. टॅगचा जुना प्रकार ID3v1, त्यात नावाला फक्त ३० बाइट जागा आणि देवनागरीची सोयच नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रामने त्यात मराठी कोंबायचा प्रयत्न केला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात. ती पडली म्हणजे त्या टॅगमधली अक्षरं गेली, परत येत नाहीत, नाव हातानेच लिहायचं. प्रश्नचिन्हांऐवजी à¤• असलं काही दिसत असेल तर मात्र जीव भांड्यात पडू द्या. तिथे अक्षरं शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकतोय.

मी Mp3tag वापरलं, फुकट आहे. त्याच्या पर्यायांमध्ये एमपी३ साठी ID3v2.3 UTF-16 निवडलं, ID3v1 लिहू नको आणि असेल तर काढून टाक असं सांगितलं, आणि आईला शेजारी बसवून नावं टाइप केली. तिला सीडीवरची नावं वाचावीच लागली नाहीत. पहिला सूर आला की ती नाव सांगायची, वर नाटक कुठलं आणि तिने ते कोणाबरोबर पाहिलं होतं तेही. फाइलींची नावं 01, 02 अशी दोन आकडी ठेवली, नाहीतर साध्या क्रमात 1 नंतर 10 येतो. ‘माझे अभंग सकाळच्या क्रमानेच हवेत,’ हा तिचा हट्ट होता आणि तो तिने सोडला नाही.

गाण्यांचं मार्गी लागलं, तेव्हा रेडिओने मान टाकली. नेटवरून रेडिओ ऐकायचं एक छोटं ॲप होतं, त्यातली काही केंद्रं लागायची, काही नुसती गोल फिरायची. माझ्या फोनवर तीच केंद्रं त्याच वायफायवर ठणठणीत. म्हणजे नेट ठीक, केंद्र ठीक. मी त्या केंद्राचं पान जुन्या फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं, तिथे NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID आलं आणि गाठ सुटली. याऐवजी ERR_CERT_DATE_INVALID आलं तर आधी फोनची तारीख तपासा, बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुने फोन तारीख विसरतात.

झालं असं होतं. सुरक्षित साइट खरी आहे हे फोन एका प्रमाणपत्रावरून ओळखतो, आणि कोणाचा शिक्का मानायचा याची यादी अँड्रॉइडमध्येच भरलेली असते. असंख्य साइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं वापरतात. तिचा मूळ शिक्का अँड्रॉइड ७.१.१ पासूनच यादीत आहे. त्याआधीचे फोन दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या आधाराने चालवून घेतले जात होते, तो आधार ३० सप्टेंबर २०२४ ला संपला. फोन बिघडला नव्हता, त्याच्या यादीत एक नाव कमी होतं.

ते नाव हाताने घालता येतं. मजा म्हणजे letsencrypt.org ची साइटही त्याच शिक्क्याची, त्यामुळे जुना फोन तिथेच जाऊ शकत नाही. मी isrgrootx1.der ही फाइल लॅपटॉपवर थेट त्यांच्या साइटवरून उतरवली, नाव बदलून isrgrootx1.crt केलं, कार्डावर टाकली, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये Security खाली Install from SD card दाबलं. दोन गोष्टी होतात, त्यांना घाबरू नका. फोन स्क्रीनला पिन लावायलाच लावतो, आणि नंतर "Network may be monitored" असं वर दाखवत राहतो. प्रमाणपत्र बाहेरून घातलं की तो असं म्हणणारच. मात्र ही फाइल दुसऱ्या कुठल्याही साइटवरून कधीही घेऊ नका. कोणाचा शिक्का मानायचा हेच आपण फोनला शिकवत असतो. अडलेली केंद्रं त्याच संध्याकाळी लागली. हा उपाय अँड्रॉइड ६ पर्यंत बहुतेक ॲपना लागू पडतो. अँड्रॉइड ७.० वर नवी ॲप असं हाताने घातलेलं प्रमाणपत्र आपोआप मानत नाहीत.

पिनचं आईला अजून पटलेलं नाही. ‘गाणं ऐकायला कसली आलीय किल्ली?’

एफएम मात्र कायम शाबूत. या फोनमध्ये एफएमची चिप आहे, तिला नेट लागत नाही, हेडफोनची वायरच अँटेना होते. स्पीकरची वायर लावली तरी चालतं. ओट्याच्या कोपऱ्यात खरखर, खिडकीशी स्वच्छ.

सहाव्या महिन्यात फोन सपाट ओट्यावर ठेवला की बोटाच्या धक्क्याने भिंगरीसारखा फिरायला लागला. मागचं झाकण वर आलं होतं. चोवीस तास चार्जरला लावून, वर शेगडीची ऊब आणि मुंबईची दमट हवा, बॅटरी फुगली होती. त्या क्षणी चार्जर काढला. बॅटरी हाताने निघणारी होती म्हणून वाचले, नवी टाकली, फुगलेली ई-कचऱ्यात दिली. आता सकाळी दोन तास चार्जिंग, मग प्लग बाहेर. बॅटरी आतच चिकटवलेली असती तर फोन त्याच दिवशी निवृत्त केला असता. आणि याला सुरक्षेचे अपडेट कधीचे बंद झालेत, म्हणून त्यावर बँक नाही, माझं मुख्य ईमेल खातं नाही.

नव्या गाण्यांचं मात्र या फोनने जमत नाही. लग्नात ऐकलेलं एखादं गाणं आईला हवं असलं की मी माझ्या फोनवरून त्याच स्पीकरला ब्लूटूथने लावते. त्यासाठी आधी स्पीकरमधून जुन्या फोनची वायर काढावी लागते, आणि ती परत लावायची मी हमखास विसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघरातून हाक येते.