देणगीदारांचा अहवाल: कामांची यादी की झालेला बदल?

समजा, इंदूरमधलं एखादं मराठी मंडळ देणगीतून शिवणवर्ग चालवतं. वार्षिक अहवाल कसा लिहायचा, यावर कार्यकारिणीत दोन मतं आहेत: केलेल्या कामांची यादी द्यायची, की त्यातून महिलांच्या कमाईत काय बदललं ते सांगायचं.

मेहनत बघितली तर यादी सोपी. हजेरीपट उघडला की ‘४० महिला, २ वर्ग, १ प्रदर्शन’ तासाभरात तयार. बदल सांगायचा तर प्रवेशाच्या दिवशीच ‘सध्या शिवणातून कमाई किती?’ हे फॉर्मवर विचारावं लागतं आणि वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी फोन करावे लागतात. आधीची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध होत नाही.

खरी गडबड आकड्यांत होते. ४० जणींपैकी ३१ जणींनी वर्ग पूर्ण केला, फोनवर २६ भेटल्या, १४ कमावतात. ‘२६ पैकी १४’ लिहिलं की निम्म्याहून जास्त दिसतं, पण भागायचं ४० नेच. शिवाय त्यातल्या ३ आधीपासूनच कमावत होत्या, म्हणजे नव्या ११. न भेटलेल्या आणि मध्येच सोडलेल्या किती, तेही लिहा; देणगीदार तेच आधी शोधतो.

उदाहरण तीन ओळींचं पुरे, संमती घेऊन, नाव बदलून: ‘फॉल-पिकोपासून सुरुवात, आता ब्लाउज शिवते, मशीन अजून भाड्याचं.’ सर्वांत यशस्वी बाई निवडू नका, सर्वसाधारण निवडा.

खर्चाचा हिशेब मागणाऱ्या कंपनीला यादी लागतेच. ती परिशिष्टात द्या. पुन्हा देणगी द्यावी का, हे ठरवणाऱ्याला मात्र बदल सांगणारा अहवाल. वर्ग संपून महिनाच झाला असेल, तर यंदा यादीच द्या आणि फोन कधी करणार ती तारीख लिहा.