तक्त्यात मराठी मावत नाही: अक्षर लहान करायचं, शब्द कापायचे की रचना बदलायची?

समजा, मराठीत आणायच्या कॉल सेंटरच्या इंग्रजी अहवालात शेजारशेजारी दोन रकाने आहेत: 'ॲव्हरेज वेट (मिन.)' आणि 'मॅक्स वेट (मिन.)'. सरळ अनुवाद केला तर 'सरासरी प्रतीक्षा कालावधी (मिनिटांमध्ये)' आणि 'कमाल प्रतीक्षा कालावधी (मिनिटांमध्ये)'. दोन्ही रकान्याबाहेर जातात.

बहुतेक जण आधी अक्षर लहान करतात. मराठीला हे सर्वात महाग पडतं. इंग्रजी आठ पॉइंटांत सहज वाचता येतं. त्याच आकारात देवनागरीचे जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळू लागतात. स्क्रीनवर झूम करून पाहिलं तर ते कळत नाही, १०० टक्के आकारात छापून पाहावं. शीर्षक दोन ओळींत मोडलं आणि ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाचंच राहिलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. वर्डमध्ये हे अंतर ठरावीक आकड्यावर बांधलेलं असेल, तर मात्रांचे शेंडे कापलेही जातात.

शब्द कापणं त्यापेक्षा बरं, पण नेमकं काय कापायचं ते पाहावं. रकाना बहुधा फुटतो तो एकाच लांब शब्दामुळे, कारण मराठी शब्द ओळीच्या शेवटी सहसा मध्येच तोडत नाहीत. 'मिनिटांमध्ये'चं 'मिनिटे' केलं की शीर्षकातला सर्वात रुंद शब्द गेला. 'प्र. का.' असली संक्षेपं मात्र नकोत. वाचणारा तळटीप शोधत बसतो.

माझं मत रचना बदलण्याच्या बाजूने. दोन्ही रकान्यांवर एकच सामाईक शीर्षक, 'थांबण्याची वेळ (मिनिटे)', आणि त्याखाली फक्त 'सरासरी' आणि 'कमाल'. अक्षर होतं तेवढंच राहिलं, अर्थही शाबूत. आलेखातही तसंच: उभ्या स्तंभांखालची नावं तिरकी व्हायला लागली की स्तंभ आडवे करावेत, नावांना डावीकडे पूर्ण ओळ मिळते.

यासाठी मूळ फाइल हातात हवी. नुसत्या पीडीएफमध्ये मजकूर बहुधा सुट्या ओळींच्या तुकड्यांत असतो. एक रकाना रुंदावला म्हणून शेजारचा सरकत नाही. शिवाय फॉन्टमधली वापरलेली अक्षरंच बहुधा आत साठवलेली असतात, त्यामुळे मराठी टाइप केलं की चौकोन उमटू शकतात. इनडिझाइनची फाइल मिळाली तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय का ते आधी बघा. नसेल तर 'स्थिती'तली पहिली वेलांटी भलत्या जागी दिसते, जोडाक्षरंही सुटी पडतात.

मूळ फाइल नाहीच मिळाली, तर दहाएक पानांपर्यंत तक्ते नव्याने बांधणं पीडीएफमध्ये ठिगळं लावण्यापेक्षा लवकर होतं. एखाद-दुसरंच शीर्षक असेल तेव्हा शब्द कापून काम भागवा.