बाथरूमचा पडदा, मॅट आणि तो गुलाबी थर : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आम्ही पुण्यात वाकडला राहतो. आमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने बोअर आणि टँकरचे जड पाणी येते. घरात दोन बाथरूम आहेत. आमच्या बाथरूममध्ये पीव्हीसीचा पडदा आहे आणि सासूबाईंच्या बाथरूममध्ये पॉलिएस्टरचा. पाय घसरू नये म्हणून सासूबाईंच्या नळाखाली भोकाभोकांची, सक्शन कपवाली पीव्हीसी मॅटही लागतेच. या तिन्ही वस्तूंवर गुलाबी थर आणि पांढुरका चिकट पापुद्रा सतत धरायचा. त्यावर काय चालले आणि काय नाही, हे आता खात्रीने सांगू शकते.

सगळेजण त्या गुलाबी थराला बुरशी म्हणतात. पण बहुतेक वेळा ते सेराटिया मार्सेसन्स नावाचे जिवाणू असतात, आणि गुलाबी-लाल रंग त्यांच्यातल्या प्रोडिजिओसिन या द्रव्याचा असतो. १८१९ साली इटलीत बार्तोलोमेओ बिझिओ यांनी मक्याच्या शिजवलेल्या पिठावर आलेल्या लाल डागांचा अभ्यास करून या जिवाणूला नाव दिले, इतकी ही ओळख जुनी आहे. घरच्या घरी फरक ओळखायला टिश्यू पुरतो. गुलाबी थर बुळबुळीत असतो आणि एका फटक्यात टिश्यूवर येतो. काळे ठिपके मात्र पुसून जात नाहीत. ती खरी बुरशी, आणि ती प्लॅस्टिकच्या किंवा कापडाच्या आत शिरलेली असते.

गुलाबी थर इतक्या सहज पुसला जातो, तरी आठवड्याभरात परत का येतो? कारण त्याचे खाणे आपण जागेवरच ठेवतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळून पाण्यात न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. साबण-शाम्पूचा हा स्निग्ध अंश आणि सोबतचा ओलावा या जिवाणूंना पुरेसा असतो. वरून ब्लीच मारले की रंग लगेच उडतो आणि पडदा स्वच्छ दिसतो, पण पापुद्र्याच्या आतले जिवाणू वाचतात. म्हणून आधी पापुद्रा काढायचा, मग जंतू मारायचे. हा क्रम पाळायला लागल्यापासून माझा त्रास खरोखर कमी झाला.

माझी पद्धत अशी. पीव्हीसी पडदा काढून मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवते. एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड घालते. किराणा दुकानात ते लिंबूसत्व म्हणून सुटे मिळते. पडदा बुडेल इतके पाणी करून अर्धा तास ठेवते. पाणी हाताला सोसेल एवढेच गरम हवे, कडक पाण्याने पीव्हीसी आक्रसते. आणि हे टबातच करा: फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर आम्लाने तिची चकाकी कायमची जाते.

अर्ध्या तासाने पडदा साफ झाला असेल या अपेक्षेने हात लावला तर तो उलट मेणचट लागतो, पांढरे कण सुटलेले दिसतात. अनेकजण इथेच ‘लिंबूसत्वाचा काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. खरे तर काम अर्धे झालेले असते. आम्लाने कॅल्शियम वेगळे केले, पण मागे राहिलेले स्निग्धाम्ल मेणासारखे असते आणि ते नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणून पडदा भरपूर पाण्याने खळबळून घ्यायचा आणि मग कोमट पाण्यात कपड्याची पावडर व एक चमचा धुण्याचा सोडा घालून मऊ ब्रशने घासायचा. आता मेणचटपणा निघतो. वाळल्यावर पडदा उजेडात धरून बघा. कुठे धूसर पट्टा दिसला तर तिथे पापुद्रा उरलेला आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची पद्धत खूप सांगितली जाते. ती सोडून द्या. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस छान दिसतो आणि पापुद्रा जागेवर राहतो.

यानंतरच ब्लीच. बाजारात मिळणाऱ्या ४-५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली एक लिटर गार पाण्यात घालून पडद्यावर आणि मॅटवर लावते आणि दहा मिनिटे ओले राहू देते. रंग मिनिटभरात जातो, तरी दहा मिनिटे सोडत नाही. बाटली घेताना उत्पादनाची तारीख पाहा, कारण उन्हाळ्यात दुकानात पडून राहिलेल्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो. सर्वांत महत्त्वाचे: लिंबूसत्व, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचशी कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसाला खरोखर इजा करतो. मी दोन्हींच्या मध्ये सोड्याची धुलाई आणि भरपूर पाणी ठेवते, खिडकी उघडी आणि पंखा चालू असतो.

पॉलिएस्टरच्या पडद्याला हे सगळे कष्ट लागत नाहीत. आधी तसाच सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये भिजवून आणि खळबळून घेते, मग मशीनमध्ये कपड्याच्या पावडरीसोबत ऑक्सिजन ब्लीच घालून ४० अंशांवर धुते. तो लवकर वाळतो, रंगही टिकला आहे. नवीन घ्यायचा असेल तर माझे मत स्पष्टपणे पॉलिएस्टरच्या बाजूने आहे.

मॅटबद्दल मात्र जरा जपून सांगते. पीव्हीसी मॅट उलटी करून बघा: गुलाबी थर वर नसतो, सक्शन कपांच्या मुळाशी असतो. जुन्या टूथब्रशने एकेक कप घासल्याशिवाय भिजवण्याचा उपयोग नाही. सासूबाई आता अंघोळ झाली की मॅट उचलून नळावर टांगतात, आणि एवढ्यानेच निम्मे काम वाचले. बाहेर ठेवायची मायक्रोफायबर मॅट मी बंदच केली. तिच्या मागच्या रबराला ब्लीच आणि गरम पाणी दोन्ही सोसत नाही, काही धुण्यांत ते चुऱ्यासारखे सुटू लागले. तिथे आता साधे सुती पायपुसणे आहे. ते गरम पाण्यात धुता येते आणि कडक उन्हात वाळते.

सर्वांत मोठा फरक साबणाने पडला. ज्या वडीवर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, छापलेला असतो, ती खरी साबणाची वडी. ग्रेड १ मध्ये हा स्निग्धांश किमान ७६ टक्के असतो. जड पाण्यात तीच पापुद्रा करते. आमच्या बाथरूममध्ये आम्ही साबणविरहित बॉडी वॉश सुरू केल्यावर पडद्यावर पांढरा थर जवळपास धरेनासा झाला. सासूबाईंना वडीच हवी असते, त्यामुळे तिथे पूर्ण धुलाई महिन्याला लागते, आमच्याकडे तीन महिन्यांनी चालते. पावसाळ्यात दोन्हीकडे लवकर लागते, कारण काही वाळतच नाही. पडदा गोळा करून न ठेवता पूर्ण पसरून ठेवणे तेव्हा फार गरजेचे असते.

घरात कोणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर गुलाबी थर साठू देऊ नका. हेच जिवाणू डोळ्यांचा संसर्ग करू शकतात.

पीव्हीसी पडद्याच्या खालच्या दुमडीत पाणी अडकून राहायचे आणि तिथला थर कशानेच निघत नव्हता. ती दुमड मी कात्रीने सरळ कापून टाकली, पीव्हीसी उसवत नाही. मॅटचे कप कडक होऊन फरशीला धरेनासे झाले तर ती कितीही स्वच्छ असली तरी टाकून नवी घ्या.